पहिल्या क्रमांकाचा उपाय

पंचवीस वर्षं मी ऊर्जा लेखापरीक्षण करतोय. लोकांना हे सांगितलं की ते आधी विचारतात, म्हणजे मीटर वाचता का? पूर्वी मी समजावून सांगायचो, आता हो म्हणतो. कारखाने, दवाखाने, हॉटेलं, कुठे वीज वाया जाते ते शोधायचं, उपायांची यादी करायची आणि जाड कागदाचं बाइंडिंग करून मालकाच्या हाती द्यायचं. मालक ते कपाटात ठेवतो. एका ठिकाणी तर माझा रिपोर्ट एसीच्या डगमगत्या स्टँडखाली सारलेला मी स्वतः पाहिला आहे. निदान तिथे तरी त्याने कुणाचा भार उचलला म्हणायचं.

चंपतरावांची गाठ पडली ती याच धंद्यात. धरमपेठेतलं एक साठ खोल्यांचं हॉटेल, चौथ्या मजल्यापर्यंत थंड पाण्याचे पाइप आणि तळघरात ते पाणी थंड करणारी दोन यंत्रं, म्हणजे चिलर. त्या यंत्रांचे रात्रपाळीचे ऑपरेटर चंपतराव. वय अठ्ठावन्न, बारीक अंगकाठी, खिशात टेस्टर, आणि डोळ्यांखाली रात्रपाळीवाल्याची ती काळी पिशवी. मूळचे भिवापूरकडचे. आयटीआय करून कळमेश्वरला एका गिरणीत लागले, ती बंद पडली, मग अकरा वर्षांपूर्वी हे हॉटेल उभं राहिलं त्या दिवसापासून इथेच. हॉटेलच्या मागे, जनरेटरच्या खोलीला लागून, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. तिथे ते आणि जिजाबाई राहत.

पहिल्या भेटीत त्यांनी मला काळा चहा पाजला आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलले नाहीत. मला असा माणूस आवडतो. बडबडे ऑपरेटर मला नको असतात, ते स्वतःच उपाय सुचवतात आणि वर माझ्याकडून त्याचं सर्टिफिकेट मागतात.

माझ्याकडे रितिका नावाची नवी इंजिनिअर आहे, हुशार आणि घाईची. फेब्रुवारीत तिने दिवसाउजेडी येऊन मोजमाप घेतलं. पाणी फिरवणारे दोन पंप, प्रत्येकी नऊ किलोवॅट खेचत होते. ते किती तास चालतात हे तिने लॉगबुकातून उतरवलं. लॉगबुकात रात्रीच्या दर तासाला चंपतरावांच्या सुबक अक्षरात एकच नोंद होती, पंप क्रमांक एक चालू, पंप क्रमांक दोन चालू. अकरा वर्षांची रजिस्टरं एकावर एक रचलेली, सगळ्यांत तेच.

आता रात्री अकरा ते सात हॉटेल झोपलेलं असतं. तेव्हा एकच चिलर चालतो आणि एका चिलरला एक पंप पुरतो. दुसरा नुसता फुकट फिरतो. हिवाळ्याचे दोन महिने यंत्रं बंद असतात, म्हणजे उरल्या तीनशे रात्री. तीनशे रात्री, आठ तास, नऊ किलोवॅट, युनिटला बारा रुपये. वर्षाला दोन लाख एकोणसाठ हजार. पंप आपोआप बंद करणारं पॅनल पंचेचाळीस हजारांना येतं. खर्चाला वर्षाच्या बचतीने भागलं की आला पेबॅक, म्हणजे पैसे वसूल व्हायचा काळ, दोन महिने. शेजारच्या रकान्यात अंमलबजावणीचा त्रास लिहायचा असतो. खोली बंद ठेवावी लागत नाही, छत फोडावं लागत नाही, म्हणून त्रास कमी. बारा उपायांच्या यादीत हा पहिला आला. नवे चिलर घेणं बारावं, पेबॅक सात वर्षं, त्रास जास्त.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. सगळ्या यंत्रांच्या वापराची बेरीज ही हॉटेलच्या बिलाशी जुळावी लागते. ती बिलापेक्षा अठरा हजार युनिट जास्त येत होती. वर्षाच्या साडेपाच लाख युनिटांत अठरा हजार म्हणजे साडेतीन टक्केही नाही. रितिकाने विचारलं, "सर, हे जास्तीचे कुठून आले?" मी थकलेलो होतो. त्या आठवड्यात तीन रिपोर्ट जायचे होते. मी चिलरचा सरासरी भार पासष्ट टक्के धरला होता, त्याचा साठ केला. बेरीज जुळली. असं सगळेच करतात, मीही पंचवीस वर्षं करत आलोय.

मार्चमध्ये सादरीकरण झालं, दुपारी तीन वाजता, बँक्वेट हॉलच्या शेजारच्या छोट्या खोलीत. मालक ऋषिकेश, अडतिशीचा, बापाच्या मागे हॉटेल नीट चालवणारा, वाईट माणूस नव्हे. चंपतरावांनाही बोलावलं होतं. रात्रपाळी करून चार तास झोपलेला माणूस भिंतीला टेकून उभा होता. बसा म्हटलं तर म्हणाले, "बसलो तं झोप लागते जी."

ऋषिकेशच्या पुढ्यात माझा रिपोर्ट होता आणि त्याखाली दुसरा एक कागद. चंपतरावांची नोकरी एकतीस मार्चला संपत होती आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा तो अर्ज होता. सही झाली तर नोकरी राहणार आणि क्वार्टरही. नाही झाली तर भिवापूर, भावाच्या घरी. भावाने वीस वर्षं शेती एकट्याने केली होती आणि आता त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे जिजाबाईंना सोसणार नव्हतं. हे मला चंपतरावांनीच चहा पिताना सांगितलं होतं, मी विचारल्यावर.

मी पहिला उपाय वाचून दाखवला. ऋषिकेशने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे हे रोज रात्री फालतूचा दुसरा पंप चालवून राहिले?"

"लॉगबुकाप्रमाणे हो," मी म्हणालो.

"अन् किती वर्षं?"

 हिशेब त्याचा त्यालाच येत होता. दोन लाख एकोणसाठ हजार गुणिले अकरा. त्याने चंपतरावांकडे पाहिलं. "काका, तुमच्या डोक्यात कधी आलं नाही का, का एक बंद करून पाहू म्हणून? इतक्या वर्षांचा तुमचा अनुभव. बाहेरच्या माणसानं येऊन सांगा लागते?"

 चंपतराव खाली फरशीकडे पाहत राहिले. ऋषिकेशने अर्जाचा कागद घडी करून रिपोर्टच्या आत सारला आणि म्हणाला, "पुढचं सांगा साहेब. मले नंतर या पॅनलचं कोटेशन पाठवा." त्या घडीबरोबर काय मिटलं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, राग जास्त आला. या माणसाचा. तोंड आहे ना, मग बोल की. मी उरलेले अकरा उपाय वाचले, त्यातला एकही कुणी ऐकला नाही.

बाहेर पडताना रितिकाला आठवलं, फेब्रुवारीतला तापमापक तळघरातच राहिलाय. ती लिफ्टपाशी थांबली, मीच खाली गेलो. पंपांच्या पॅनलवर तो ठेवलेला होता. तो उचलताना शेजारची दोन छोटी काचेची डबडी दिसली. पंप किती तास चालला ते मोजणारं मीटर. प्रत्येक पॅनलवर असतं आणि कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं, हे इथे कबूल करतो.

पंप एक, सदुसष्ट हजार आठशे चाळीस. पंप दोन, अडुसष्ट हजार दहा.

मी तिथेच उभ्याने मोबाइलवर गुणाकार केला. दोन्ही पंप सतत चालले असते तर अकरा वर्षांत प्रत्येकी एकोणऐंशी हजार दोनशे तास दिसायला हवे होते. दोन्हींचे मिळून साडेबावीस हजार तास कमी होते. आठाने भागा, अकराने भागा, वर्षाच्या दोनशे छप्पन्न रात्री निघतात. तीनशेतून चंपतरावांच्या आठवड्याच्या सुट्या वजा केल्या की जवळपास तेवढ्याच. माझे अठरा हजार युनिटही तिथेच सापडले. ते कुठून जास्तीचे आले नव्हते, ते कधी जळलेच नव्हते.

चंपतराव खाली आले तेव्हा मी अजून तिथेच होतो.

"हे काय आहे चंपतराव?"

त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. "बंद करतो जी मी एक. एक दिवसाआड बदलून, दोघायले सारखा आराम भेटला पाहिजे. माझ्या सुटीच्या दिवशी रोशन येते, तो दोन्ही चालू ठेवते. त्याले म्या सांगतलं नाही. नव्या पोरावर कशाले बालंट."

"बालंट कसलं?"

त्यांनी पॅनलच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पिवळा पडलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला कागद होता. दोन्ही पंप चोवीस तास चालू ठेवणे. बंद करणाऱ्यावर कारवाई होईल. खाली ऋषिकेशची सही, अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची.

"भैरवीताईचं लग्न होतं," चंपतराव म्हणाले. भैरवी म्हणजे ऋषिकेशची धाकटी बहीण. "चौथ्या माळ्यावर व्याही उतरले होते. रातच्याले एकच पंप चालू होता, तो ट्रिप होऊन बंद पडला, खोल्या तापल्या, व्याह्यानं चार लोकांत ऐकवलं. सकाळी मालक इथं आले अन् हा कागद लावून गेले."

"मग तुम्ही बंद का करता?"

"फुकट फिरते नं जी तो. आवाजावरून समजते. आमच्या घरी विहिरीवर मोटर फुकट चालली तं बाप जेवू देत नोहोता. हात राहत नाही."

"आणि लॉगमध्ये चालू काहून लिहिता?"

"हुकूम तसा आहे."

त्यांच्या दृष्टीने यात काही विसंगत नव्हतं. हुकूम कागदावर आला होता, कागदावर तो पाळला जात होता. पंप लोखंडाचा होता, त्याचं लोखंडाच्या रीतीने चाललं होतं. मी कपाळाला हात लावला.

"अहो, मग वर का नाही बोललात? तो तुम्हाला बोलत होता, अन् तुम्ही फरशी पाहून राहिले होते!"

"काय बोलू? मालक, तुमचा हुकूम चुकीचा होता, असं? तुमच्यासमोर, त्या पोरीसमोर? अन् मंग लॉग खोटा लिहिला तेही सांगा लागते. इकडं आड अन् तिकडं विहीर." ते दाराजवळच्या स्टुलावर बसले, डोळे मिटले. "जाऊ द्या साहेब. भिवापूरले हवा चांगली आहे."

मला घरी जायचं होतं. पाय दुखत होते, आणि वर रितिका थांबली होती. जाऊ द्या म्हणणाऱ्याला जाऊ देण्यात मी आयुष्यभर पटाईत राहिलो आहे. पण अंमलबजावणीचा त्रास कमी, हा माझाच शब्द डोक्यात फिरत होता, म्हणून मी विचारलं, "बंद करता म्हणजे नुसतं बटन दाबता ना?"

त्यांनी डोळे न उघडता मान हलवून नाही म्हटलं आणि मग सांगितलं. उलटं पाणी अडवणारे दोन्ही व्हॉल्व्ह चौथ्या वर्षीच गळायला लागले होते. नुसता पंप बंद केला की चालू पंपाचं पाणी बंद पंपातून मागे फिरतं आणि वर काही पोचत नाही. म्हणून रोज रात्री पंपापुढचा मोठा व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा, चाकाचे सव्वीस फेरे. सकाळी सात वाजता पुन्हा सव्वीस फेरे उलटे. व्हॉल्व्ह बदला म्हणून सांगायचं तर पंप बंद करतो हे सांगावं लागलं असतं.

म्हणजे माझा रिपोर्ट या रकान्यातही चुकला होता. पॅनलने पंप बंद झाला असता आणि चौथा मजला पुन्हा तापला असता. दोन्ही व्हॉल्व्ह बदलायचे तर आणखी साठ हजार आणि अर्धा दिवस यंत्रं बंद. त्रास मध्यम. एकूण खर्च एक लाख पाच हजार. आणि बचत? ती फक्त रोशनच्या त्रेचाळीस रात्रींची, वर्षाला सदतीस हजार. पेबॅक पावणेतीन वर्षं. पहिल्या क्रमांकाचा उपाय नवव्यावर जाऊन बसला.

मग मला दुसरा हिशेब सुचला. चंपतराव एकतीस मार्चला गेले, तर त्यांच्या जागी येणारा माणूस भिंतीवरचा कागद वाचून दोन्ही पंप चालवील. तेव्हा बचत खरोखरच दोन लाख एकोणसाठ हजारांची होईल आणि पेबॅक पाच महिन्यांवर येईल. चंपतराव राहिले तर माझा रिपोर्ट फसतो, गेले तर तो सुधारतो. इतकी वर्षं या धंद्यात काढून असा घाणेरडा भागाकार मी कधी केला नव्हता.

मी वर गेलो. ऋषिकेश अजून त्याच खोलीत फोनवर बोलत होता. म्हटलं, पाच मिनिटं खाली चला. तो म्हणाला, कोटेशन मेलवर पाठवा ना. मी म्हणालो, "माझा रिपोर्ट चुकलाय. तुम्हाला तिथेच दाखवतो." मालक लोक एरवी येत नाहीत, पण आपण चुकलो म्हटलं की लगेच येतात. रिपोर्ट काखेत मारून तो निघाला.

तळघरात मी त्याला आधी मीटर दाखवलं, मग हिशेब सांगितला. "म्हणजे लॉग खोटा?" त्याचा आवाज चढला. "अकरा वर्षं खोटा लॉग?"

चंपतराव उठून उभे राहिले होते. मी म्हणालो, "लॉग खोटा आहे. माझी बेरीजही खोटी आहे. बिलाशी जुळत नव्हती म्हणून मी बसल्या जागी चिलरचा आकडा बदलला. त्यांनी आकडा खोटा लिहून तुमची वीज वाचवली, मी खोटा लिहून त्यांची नोकरी घालवत होतो. रागवायचं तर आधी माझ्यावर रागवा." हे बोलताना माझे कान तापले. रितिका जिन्यात उभी राहून ऐकत होती, ते मला नंतर दिसलं.

मग मी बाजूला झालो आणि ऋषिकेशला भिंतीवरचा कागद दिसला. त्याने तो वाचला. स्वतःची सही पाहिली. 

"भैरवीच्या लग्नातलं," तो म्हणाला. "मी तं भुललो होतो हे." मग त्याने व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. "हे फिरवता रोज?"

"राहू द्या मालक, जड आहे."

त्याने फिरवायला सुरुवात केली. सातव्या फेऱ्याला बाही वर केली. बाराव्याला थांबला, तळव्याकडे पाहिलं. चंपतराव पुढे झाले आणि एका लयीत ते चाक पुन्हा होतं तसं उघडून ठेवलं, घाई नाही, जोर नाही. त्यांना तो जोर कुठे लावायचा ते माहीत होतं.

"काका, तुम्ही मले हे काहून नाही सांगतलं? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"तुम्ही लॉग मागत होते जी. म्या लॉग देत होतो." चंपतराव अगदी साधेपणाने बोलले, टोमणा नव्हता त्यात. "पंपाचं कोणी विचारलं नाही."

ऋषिकेशने प्लास्टिकचा कागद खिळ्यावरून काढला. तो चुरगाळला नाही, घडी करून खिशात ठेवला. मग रिपोर्टमधून तो अर्ज काढला आणि पॅनलच्या दारावर टेकवून सही केली. "दोन वर्षं. अन् व्हॉल्व्ह या आठवड्यात बदलू, पेबॅक कितीही असो. या वयात सव्वीस फेरे नको." माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमचा रिपोर्ट तं पातळ झाला आता."

झाला होता खरा. बाराच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा गेला होता आणि माझी नव्याने बेरीज करायची तीन दिवसांची हमाली वाढली होती. सुधारलेल्या रिपोर्टात हॉटेलने आधीच अंगीकारलेल्या चांगल्या पद्धती असं एक प्रकरण असतं, एरवी तिथे आम्ही काहीतरी गोड लिहून पान भरतो. या वेळी तिथे एकच नोंद केली, रात्री एक पंप बंद ठेवणे, वर्षाला साडेअठरा हजार युनिट, अंमलबजावणीचा त्रास जास्त.

पण ते नंतर. त्या दिवशी ऋषिकेश वर जायला निघाला तेव्हा चंपतरावांनी त्याला थांबवलं. अर्ज त्यांनी छातीशी धरला होता, डोळे भरून आले होते, तरी त्यांना दुसरंच काही सुचत होतं. त्यांनी लॉगबुक उघडून पुढे केलं. आदल्या रात्रीचं पान होतं, पंप दोनच्या रकान्यात अकरापासून सहापर्यंत एकाखाली एक चालू, चालू, चालू.

"मालक, हे आता खरं लिहू?"

"लिहा नं काका."

त्यांनी पट्टी ठेवून आठही चालू एका रेघेने खोडले. वरच्या मोकळ्या जागेत पेन टेकवलं आणि थांबले. अकरा वर्षांत तो शब्द त्या हाताने त्या रकान्यात लिहिला नव्हता. मग त्याच सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं, बंद, आणि वही ऋषिकेशपुढे धरली.

"इथं सही करा जी. नाहीतं कोणी म्हणन, चंपतनं खोडलं."